तासाभराने बदलणारा परफ्यूम

कॅम्पातल्या दुकानात किंवा विमाननगरच्या मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरवर एकच दृश्य दिसतं. कागदाची पट्टी हुंगायची, "मस्त आहे" म्हणायचं आणि कार्ड पुढे करायचं. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून असाच एक घेणार होता. मी म्हटलं, "अरे, आत्ता जो वास येतोय तो संध्याकाळी नसणार. आधी सॅम्पल आण."

त्याला आवडलेला प्रकार पुरुषांच्या परफ्यूममधला अगदी अभिजात: वर, म्हणजे सुरुवातीला, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास, मध्ये लॅव्हेंडर, तळाशी, म्हणजे शेवटपर्यंत राहणारं, कूमरिन. त्याला 'फूझेर' म्हणतात. हे नाव १८८२ साली हूबिगाँ या फ्रेंच कंपनीने काढलेल्या 'फूझेर रोयाल'वरून पडलं. त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं कूमरिन होतं. कूमरिनला वाळलेल्या गवताचा, किंचित बदामी वास असतो.

बर्गमॉटमध्ये लिमोनीन भरपूर असतं. संत्र्याची साल दाबल्यावर जो फवारा उडतो, त्यात मुख्यतः हेच असतं. लिमोनीनचा रेणुभार १३६, कूमरिनचा १४६, म्हणजे वजनात फारसा फरक नाही. पण लिमोनीन १७६ अंशांना उकळतं आणि कूमरिन थेट ३०१ अंशांना. हा फरक कुठून आला? लिमोनीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहेत, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना फारसे धरून राहत नाहीत. कूमरिनमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू आहेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, आणि शेजारशेजारचे रेणू एकमेकांना चिकटून राहतात. लॅव्हेंडरमधलं लिनालूल या दोघांच्या मधलं, १९८ अंशांना उकळणारं. तिघांपैकी कोणीही अंगावर उकळत नाही, हे खरं. पण ज्याला उकळायला कमी उष्णता लागते, ते साध्या तापमानालाही साधारणपणे लवकर उडतं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. कूमरिन नुसतं मागे उरतं असं नाही, तर त्याचा वास वाढत जातो. समजा, अल्कोहोल उडून गेल्यावर मनगटावर १०० रेणू उरले. त्यात ४० लिमोनीनचे, ५० लिनालूलचे आणि १० कूमरिनचे. मिश्रणातला प्रत्येक घटक हवेत किती उतरतो, हे त्या मिश्रणात त्याचा वाटा किती यावरही ठरतं. याला राऊल्टचा नियम म्हणतात. इथे कूमरिनचा वाटा एक दशांश. लिमोनीन गेलं की ६० रेणू उरतात, वाटा एक षष्ठांश होतो. लिनालूलचे ३० रेणू गेले की उरलेल्या ३० मध्ये कूमरिन एक तृतीयांश. म्हणजे कूमरिन होतं तेवढंच आहे, पण त्याची वाफ सुरुवातीच्या तिपटीहून अधिक झाली. प्रत्यक्षातला परफ्यूम पन्नासेक घटकांचा असतो आणि हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण रोख हाच. सकाळी दाढी केल्यासारखा ताजा वास देणारी बाटली दुपारी गवताच्या गंजीकडे झुकते, ती यामुळे.

आता त्वचेकडे वळू. कागदाची पट्टी एसीत २४ अंशांना असते, त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ ते ३४ अंशांना. दर दहा अंशांना बाष्पदाब ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून अंगावर सगळं लवकर घडतं. त्यात त्वचेवरचं तेल. सुगंधी रेणू बहुतेक तेलात विरघळणारे, त्यामुळे तेलकट त्वचा त्यांना धरून ठेवते आणि कोरडी त्वचा सोडून देते. एकच परफ्यूम दोन मित्रांवर वेगळा वाटतो, त्याचं बरंचसं कारण एवढंच. बाकी 'फेरोमोन' घालून मुली आकर्षित करणारे स्प्रे ऑनलाइन विकतात, त्यांच्या नादी लागू नये. माणसाचं असं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही.

भाच्याने मग दोन मिलिलिटरच्या दोन कुप्या आणल्या. एका दिवशी फक्त दोनच, डाव्या हातावर एक आणि उजव्यावर दुसरा, साबण धुऊन काढल्यावर, एकेकच फवारा. पहिल्या मिनिटाला फक्त अल्कोहोल नाकात जातं, म्हणून तेव्हा हुंगायचं नाही. दहा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी फोनमध्ये दोन शब्द लिहायचे. काउंटरवर आवडलेल्या फूझेरपुढे तासाने त्याने "हळद-दूध?" असं लिहिलं आणि दुसऱ्या कुपीपुढे "ओलं लाकूड, चांगलं". एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून एकदा जाऊन आल्यावर दुसरीचाच निर्णय झाला.

चौथ्या तासाला मात्र तो म्हणाला, "मामा, काहीच येत नाहीये, परत मारतो." तेवढ्यात त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "इथपर्यंत येतोय!" नाक एकाच वासाला सरावतं. शिवाय काही कस्तुरीसारखे कृत्रिम गंध काही लोकांना जन्मतःच येत नाहीत. म्हणून परफ्यूम टिकला की नाही, हे आपल्याला न विचारता घरातल्या दुसऱ्याला विचारावं, आणि तोही बाहेरून नुकताच आलेला असावा.