स्वप्नात अंगावर कपडे नाहीत: ती लाज की उघडं पडण्याची भीती?

चारचौघांत आपण कपड्यांशिवाय उभे आहोत, हे स्वप्न जगभरात अनेकांना पडतं. सकाळी ते सांगताना आपण एवढंच म्हणतो, "मेल्याहून मेल्यासारखं झालं." पण या एका वाक्यात दोन निरनिराळ्या भावना मावतात. एक लाज, दुसरी उघडं पडण्याची भीती. जागेपणीही त्या एकमेकींत मिसळतात, स्वप्नात तर आणखीच.

फरक आहे तो काळाचा. भीतीला अजून काहीतरी व्हायचं असतं: कळेल, दिसेल, कुणीतरी मान वळवेल. लाजेत ते होऊन गेलेलं असतं. लोकांनी पाहिलं, मनातल्या मनात निकाल लागला आणि तो आपल्याला मान्यही आहे. म्हणून घाबरलेला माणूस झाकायला, लपायला, वाट शोधायला धडपडतो. लाजलेला आक्रसतो, नजर खाली जाते, धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला होतं.

समजा, एक बाई नुकत्याच विभागप्रमुख झाल्या आहेत. त्यांना स्वप्न पडतं की मीटिंग चालू आहे, अंगात वर नीटनेटका शर्ट आहे आणि कमरेखाली काहीच नाही. टेबलामुळे कुणाला पत्ता नाही. त्यांनी मांडीवर फाइल घट्ट धरली आहे आणि सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे, कुणी "जरा बोर्डापाशी येता का?" असं म्हणू नये. ही भीती आहे. त्यांना आपण वाईट आहोत असं वाटत नाही, आपलं बिंग फुटेल असं वाटतं. जागेपणी शोधायला गेलं तर बहुधा असं काही सापडेल: पुढच्या आठवड्यात जो अहवाल मांडायचा आहे, त्यातले आकडे त्यांना नीट समजलेले नाहीत आणि तसं त्या कुणाला बोललेल्या नाहीत.

आता तीच खोली, त्याच बाई, पण स्वप्न वेगळं. त्या बोर्डापाशी उभ्या आहेत, सगळ्यांनी पाहिलंय. जुने साहेब क्षणभर बघतात आणि पुन्हा कागदात डोकं घालतात. बाई काहीच झाकत नाहीत, हात नुसते लोंबताहेत. इथे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. उरली आहे ती लाज, आणि तिचं मूळ पुढे येणाऱ्या प्रसंगापेक्षा घडून गेलेल्या प्रसंगात शोधावं, उदाहरणार्थ सगळ्यांसमोर दाखवली गेलेली एखादी चूक.

बघणाऱ्यांचं असं थंड असणं सिग्मंड फ्रॉइडनेही टिपलं होतं. 1900 सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात तो सांगतो की या स्वप्नांतले प्रेक्षक बहुतेक अनोळखी असतात आणि त्यांना काही वावगं वाटतच नाही, शरमतो तो फक्त स्वप्न पाहणारा. त्याने याचा अर्थ बालपणी उघडं हिंडण्याच्या आनंदाशी, दडपलेल्या इच्छेशी जोडला. तो अर्थ मला सगळ्यांना लागू होईलसा वाटत नाही, निरीक्षण मात्र फार मोलाचं आहे. लोक ढुंकूनही बघत नसताना जीव टांगणीला लागला असेल, तर नजर बाहेरची नाही, ती आपण स्वतःवर रोखलेली आहे. पण ती "कळलं तर?" म्हणते आहे की "आहेच मी असा" म्हणते आहे, ते बघावं लागतं.

एक खूण मात्र हमखास फसवते. पळायचं असतं आणि पाय उचलत नाहीत. फ्रॉइडच्या स्वतःच्या स्वप्नातही हेच आहे: अर्धवट कपड्यांत तो जिना चढतोय, वरून मोलकरीण येते आणि तो पायरीला खिळून राहतो. लाजेने पाय गळाले, असं आपण लगेच म्हणतो. पण 1953 मध्ये ज्या आरईएम झोपेचा शोध लागला, आणि जिच्यात ठसठशीत स्वप्नं जास्त पडतात, तिच्यात हातापायांचे स्नायू एरवीही जवळजवळ निपचित असतात. पाठलागाच्या स्वप्नातही पाय असेच जड होतात. तेव्हा पायांवरून काही ठरवू नये.

ठरवायचं तर जाग आल्याबरोबर, कुणाला सांगण्याआधी, दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: हात काय करत होते, आणि पोटात गोळा आला तो कुणी पाहण्याआधी की पाहिल्यावर. सांगताना आपण गोष्ट सलग करतो आणि सांगता सांगता भीतीची लाज होऊन जाते, म्हणून ही घाई. दोन्ही एकाच स्वप्नात एकापाठोपाठ येऊ शकतात, फाइल हातातून निसटते तिथे एक संपून दुसरी सुरू होते. आणि काही जण स्वप्नात कपड्यांशिवाय अगदी निवांत फिरतात. तिथे यातलं काहीच नसतं, ओढूनताणून शोधूही नये.