दस्तातला गट आणि ‘परस्पर चूक’चा घोळ

विकणाऱ्याने जमिनीचा गट 214 दाखवला, साठेखत त्याचंच झालं, ताबाही त्याचाच मिळाला. खरेदीखतात मात्र 241 पडला आणि दोघांनीही सह्या ठोकल्या. सातारा-सांगलीकडे असे दस्त सापडतात, त्याचं एक मूळ जमिनींच्या एकत्रीकरणात आहे. 1947 च्या कायद्याने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण जुना दस्त समोर ठेवून नवा उतरवायची सवय काही गेली नाही. ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा 1960 मध्ये सांगली झाला, तरी त्या नावाचे कागद अजून पेट्यांतून निघतात.

यावरचा इलाज 1877 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात कलम 31 मध्ये होता. 1963 च्या कायद्यात तो कलम 26 मध्ये आला. लबाडीमुळे किंवा ‘परस्पर चुकी’मुळे दस्तात खरा इरादा उतरला नसेल, तर न्यायालय दस्त दुरुस्त करू शकतं.

घोळ ‘परस्पर’ या शब्दाचा आहे. ‘भावानं जमीन परस्पर विकली’ म्हणजे न विचारता विकली. त्यामुळे पक्षकार येतो तो समोरच्यानेच चूक केली असं सांगत. कायद्याला हवी ती दोघांची एकच चूक: मनात दोघांच्याही 214, कागदावर 241. विकणाऱ्याच्या मनात खरोखरच 241 असेल, तर मुळात करारच जुळलेला नाही, मग दुरुस्त काय करणार? ‘उभयपक्षी चूक’ म्हटलं असतं तर निम्मे वाद टळले असते.

एरवी लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, पण चुकीला तिथे अपवाद आहे: पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 92, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याचं कलम 95. साठेखतातला नंबर, चतुःसीमा, मोजणी नकाशा आणि ताबा हे सगळं 214 कडे बोट दाखवत असेल, तर बाजू भक्कम. 241 तिसऱ्याच माणसाचा असेल, तर चूक उघडच दिसते. दोन्ही गट विकणाऱ्याचेच असतील, तर खरी कसोटी लागते.

दोघे राजी असतील तर दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती दस्त नोंदवून फेरफार करून घेता येतो. विकणारा वारला असेल तर त्याचे सगळे वारस लागतात. एक जरी अडला तरी दावा आला. लोक मात्र आधी तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 155 चा अर्ज करून वर्षं घालवतात. त्या कलमाने महसुली नोंदीतली लेखनचूक सुधारते, दस्त नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची. ती चूक कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळू शकली असती तेव्हापासून मोजतात. म्हणून मोजणीत किंवा कर्जाच्या वेळी चूक कळली त्या तारखेचा कागद जपावा.

दावा आधीच चालू असेल आणि दुरुस्ती मागायची राहिली असेल, तर वादपत्रात बदल कोणत्याही टप्प्यावर मागता येतो. साठेखतावरच्या दाव्यात यासाठी वेगळा दावा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं. मधल्या काळात 214 कुणी चुकीची कल्पना नसताना, सद्भावनेने, मोबदला देऊन घेतला किंवा गहाण ठेवून घेतला असेल, तर त्याच्या हक्काला धक्का लावून दुरुस्ती मिळत नाही.