आगाऊ रक्कम, बिल आणि जीएसटीचा महिना : सेवा देणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या ग्राहकांपैकी अनेक जण मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांची वॉटरप्रूफिंग, रंगकाम आणि दुरुस्तीची कामे घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर आगाऊ रक्कम एका महिन्यात येते, काम दुसऱ्या महिन्यात संपते आणि बिल तिसऱ्या महिन्यात निघते. अशा वेळी कर कोणत्या महिन्याच्या विवरणपत्रात भरायचा, हे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, 2017 च्या कलम 13 वरून ठरते. इमारतीच्या कामात माल आणि मजुरी एकत्र असली तरी असे कंत्राट कायद्याने सेवाच मानले जाते, म्हणून हेच कलम त्याला लागू होते.

एक उदाहरण घेऊ. बोरिवलीच्या एका सोसायटीने गच्चीचे वॉटरप्रूफिंग 10,00,000 रुपये अधिक 18 टक्के कर, म्हणजे एकूण 11,80,000 रुपयांना ठरवले आणि 2,95,000 रुपयांचा चेक आगाऊ दिला. कंत्राटदाराने 30 एप्रिलला तो वहीत जमा दाखवला, पण रक्कम बँकेत 4 मे रोजी जमा झाली. वहीतली नोंद आणि बँकेतली जमा यांपैकी जी तारीख आधीची, ती पैसे मिळाल्याची तारीख धरली जाते. त्यामुळे बिल निघालेले नसले तरी या रकमेवरचा कर एप्रिलचा झाला आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने तो 20 मेपर्यंत भरायला हवा. मिळालेली रक्कम करासहित समजायची असल्याने 2,95,000 ला 18 ने गुणून 118 ने भागावे. त्यातून 45,000 रुपये कर निघतो आणि कामाची किंमत 2,50,000 रुपये उरते. सोसायटीला या रकमेचे रिसीट व्हाउचर द्यावे आणि एप्रिलच्या जीएसटीआर-1 मधील तक्ता 11 मध्ये ती दाखवावी. ग्राहक स्वतः नोंदणीकृत व्यापारी असेल, तर या व्हाउचरवर त्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. ते त्याला बिल मिळाल्यावरच घेता येते.

आता उरलेल्या 7,50,000 रुपयांचे पाहू. काम 6 जूनला पूर्ण झाले. सेवेचे बिल काम झाल्यापासून 30 दिवसांत काढायचे असते, म्हणजे येथे 6 जुलैपर्यंत. कंत्राटदाराने 2 जुलैला बिल काढले आणि बाकीचे पैसे त्यानंतर आले, तर 1,35,000 रुपयांचा कर जुलैचा होतो आणि तो 20 ऑगस्टपर्यंत भरता येतो. आधी भरलेले 45,000 रुपये जुलैच्या तक्ता 11 मध्येच वळते करून घ्यावेत, नाहीतर त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कर भरला जातो.

मात्र तेच बिल 12 जुलैला निघाले, तर कर पुढे न जाता मागे येतो. मुदत चुकली की बिलाची तारीख विचारात घेतली जात नाही. सेवा पूर्ण झाल्याची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांपैकी जी आधीची ती धरली जाते. म्हणून कर जूनचा ठरतो आणि त्याची मुदत 20 जुलैला संपते. बिलावर जुलै आहे म्हणून तो 20 ऑगस्टला भरला, तर 31 दिवसांचे वर्षाला 18 टक्के दराने सुमारे 2,060 रुपये व्याज लागते. सोसायटीचे आर्किटेक्ट मोजमाप तपासून देईपर्यंत बिल थांबवून ठेवण्याची पद्धत आम्ही नेहमी पाहतो आणि हे व्याज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. मोजमापात नंतर फरक निघाला तर तो क्रेडिट किंवा डेबिट नोटने दुरुस्त करता येतो, म्हणून तेवढ्यासाठी तिसावा दिवस ओलांडू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निव्वळ माल विकणाऱ्यांचा नियम वेगळा आहे. 15 नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचना क्रमांक 66/2017 नुसार मालाच्या आगाऊ रकमेवर त्या वेळी कर भरावा लागत नाही. जे ग्राहक दुकानातून रसायनेही विकतात आणि कंत्राटेही घेतात, त्यांनी दोन्हींच्या आगाऊ रकमा वेगळ्या खात्यांत ठेवाव्यात. तसेच तीन महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या आणि टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे ठरलेल्या कामांना बिलाच्या वेगळ्या मुदती लागू होतात. असे करारपत्र सही करण्यापूर्वी आम्हाला दाखवावे.

चूक वेळेत पकडण्याचा एक सोपा मार्ग आहे. महिनाअखेरीस ग्राहकांच्या खात्यांची यादी काढावी आणि सेवेच्या ज्या ग्राहकाच्या खात्यात जमा शिल्लक दिसेल, त्या रकमेवर कर भरला आहे का, हे पाहावे. ही यादी आणि त्या महिन्यात पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचे तारखेसह पूर्णत्वाचे पत्र पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवावे.