पाकिटावरचे 'नेट कार्ब ३ ग्रॅम' खरे किती?

"एकूण कर्बोदकांतून फायबर आणि शुगर अल्कोहोल वजा केले की उरते ते नेट कार्ब, आणि तेवढीच साखर रक्तात जाते ना?"

नाही. चूक बहुतेक वेळा शुगर अल्कोहोलच्या, म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थांच्या, वजाबाकीत होते, कारण ते सगळे एकसारखे नसतात. एरिथ्रिटॉल आतड्यात शोषले जाते खरे, पण बहुतांश न वापरता लघवीवाटे निघून जाते. ते पूर्ण वजा केले तरी चालते. माल्टिटॉलचे तसे नाही. ते पचताना त्यातून ग्लुकोज सुटते आणि रक्तातली साखर वाढते, नेहमीच्या साखरेपेक्षा कमी, पण वाढते.

समजा, एका चॉकलेट बारवर एकूण कर्बोदके २४ ग्रॅम, फायबर ९ आणि माल्टिटॉल १२ आहे. पाकीट सरळ वजाबाकी करून ३ सांगते. माल्टिटॉल निम्मेच वजा करण्याचा ढोबळ नियम लावला, तर २४ − ९ − ६ = ९. म्हणजे तिप्पट! जेवणातले कर्ब मोजून इन्सुलिन घेणाऱ्याला हा फरक जाणवतो. म्हणून पुढच्या ठळक आकड्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी.

युरोपीय लेबलवर तर कर्बोदकांच्या आकड्यात फायबर धरलेलेच नसते. तिथे ते पुन्हा वजा केले, तर हिशेब आणखी खोटा पडतो.