लाभांशाच्या हंगामात डॉलर का महागतो आणि किती

परदेशी मालकीची कंपनी वर्षभर स्थानिक चलनात कमावते, पण तिच्या मालकाला नफा डॉलरमध्ये हवा असतो. तो नफा लाभांश म्हणून मायदेशी पाठवायचा, तर आधी बाजारातून डॉलर विकत घ्यावे लागतात. अनेक देशांत बहुतेक कंपन्यांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते. मग हिशेब तपासले जातात, सर्वसाधारण सभा होते, लाभांश मंजूर होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत पैसे चुकते होतात. सगळ्यांचे वेळापत्रक सारखे असल्यामुळे डॉलरची मागणी वर्षभर न पसरता मोजक्या दिवसांत गोळा होते. परदेशी बिले भरणाऱ्या आमच्या ग्राहकांचा या दिवसांत ठरलेला प्रश्न असतो: डॉलर आत्ताच घेऊन ठेवू का? त्याचे उत्तर नीट देता यावे म्हणून हे पत्रक.

एक कल्पित कंपनी घेऊ. तिने 480 कोटींचा लाभांश जाहीर केला. परदेशी मालकाचा हिस्सा 75 टक्के, म्हणजे 360 कोटी. त्यावर 10 टक्के कर कापला की 324 कोटी उरतात. डॉलर 40ला असेल तर या कंपनीला 8.1 कोटी डॉलर लागतील. अशा 15 कंपन्या तीन आठवड्यांत, म्हणजे कामाच्या 15 दिवसांत बाजारात उतरल्या, तर रोजची जादा मागणी सरासरी 8 कोटी डॉलरची झाली.

आता समजा, त्या बाजारात रोज 200 कोटी डॉलरची उलाढाल होते. मग 8 कोटी म्हणजे जेमतेम 4 टक्के, एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण उलाढालीचा मोठा भाग बँकांनी एकमेकींकडे फिरवलेल्या सौद्यांचा असतो. पाहायचे ते खऱ्या गिऱ्हाइकांकडे. निर्यातदार वगैरे मंडळी दिवसाला 30 कोटी विकतात आणि आयातदार तेवढेच घेतात, असे धरा. या जुळलेल्या तराजूत 8 कोटींची एकतर्फी खरेदी पडली, तर तेवढे डॉलर विकणारा कोणीतरी शोधावा लागतो. बँक कंपनीला डॉलर विकते, तिच्या स्वतःच्या खात्यात तेवढी कमतरता येते आणि ती भरून काढण्यासाठी ती थोडा वरचा भाव देऊ करते. विकायला कोणी तयार होईपर्यंत भाव सरकत राहतो.

यात भर पडते ती वाट पाहण्याची. डॉलर चढतोय असे दिसले की निर्यातदार आलेले डॉलर विकायचे थांबतो, आणि आयातदार पुढच्या महिन्याची खरेदी आजच उरकतो. लाभांशाचे डॉलर 8 कोटीच असले तरी तराजू त्याहून जास्त झुकतो. आमच्या मते या हंगामातल्या धक्क्याचा बराच भाग या घाईतूनच येतो.

हा हंगाम सगळ्यांना ठाऊक असतो, तर त्याचा परिणाम आधीच भावात का मुरत नाही? थोडा मुरतोच. काही कंपन्या दोन-तीन महिने आधी फॉरवर्ड करार करतात, म्हणजे पुढच्या तारखेला घ्यायच्या डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवतात. तो करार विकणारी बँक सहसा त्याच दिवशी बाजारातून डॉलर उचलते आणि मधल्या काळासाठी ते स्वॅपने दुसऱ्या बँकेला देऊन ठेवते. म्हणजे भावावरचा ताण करार झाला त्या दिवशीच येऊन जातो, पैसे पाठवायच्या दिवशी येत नाही. म्हणूनच लाभांशाच्या तारखा पाहून डॉलरचा भाव ओळखू पाहणाऱ्यांचा अंदाज पुष्कळदा चुकतो. उरलेल्या कंपन्या आधी खरेदी करत नाहीत, कारण सभेत रक्कम मंजूर होईपर्यंत नेमके किती डॉलर लागतील हेच त्यांना माहीत नसते.

आणखी एक गफलत नेहमी होते. देशाच्या चालू खात्यात, म्हणजे परदेशाशी झालेल्या व्यापाराच्या आणि उत्पन्नाच्या हिशेबात, परदेशी मालकांच्या उत्पन्नाचा मोठा आकडा दिसतो आणि तेवढे सगळे डॉलर बाहेर गेले असे लोक समजतात. परकी मालकाने नफा त्याच कंपनीत ठेवला तरी हिशेबात तो आधी बाहेर गेलेला आणि मग गुंतवणूक म्हणून परत आलेला दाखवतात. प्रत्यक्षात एकही डॉलर विकत घेतलेला नसतो. वाटलेल्या लाभांशाचेही तसेच: परदेशी गुंतवणूक फंड ती रक्कम तिथल्याच शेअरमध्ये पुन्हा घालू शकतो. परदेशी मूळ कंपनी मात्र उपकंपनीकडून आलेली रक्कम बहुधा उचलून नेते.

हंगामाचा हात कुठे संपतो, ते दक्षिण कोरियाच्या 2019च्या एप्रिलमध्ये चांगले दिसले. तिथल्या मोठ्या कंपन्यांत परकी भागधारक खूप आहेत आणि वर्षअखेरचा लाभांश मुख्यतः एप्रिलमध्ये चुकता होतो. त्या एप्रिलमध्ये देशाचे चालू खाते तुटीत गेले. त्याआधी सलग 83 महिने ते शिलकीत होते. निर्यात मंदावलेली होती, त्यात लाभांशाची भर पडली. मार्चअखेर डॉलरला सुमारे 1,135 वॉन पडत होते, एप्रिलअखेर 1,165च्या पुढे. सगळा दोष लाभांशाला देणे सोपे होते. पण पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्था आकसल्याचा आकडाही त्याच महिन्यात आला होता. मे महिन्यात चालू खाते पुन्हा शिलकीत आले, तरी वॉन सावरला नाही. अमेरिका आणि चीन यांच्यातला आयातशुल्काचा वाद चिघळला आणि डॉलर 1,190च्या आसपास गेला. घसरण निव्वळ हंगामी असती, तर लाभांश वाटून झाल्यावर ती थांबायला हवी होती.

म्हणून भाव हलला की आम्ही आधी त्याच दिवशी शेजारच्या देशांची चलने काय करतात ते पाहतो. तीही डॉलरपुढे तितकीच घसरली असतील, तर डॉलरच सगळीकडे महागतोय आणि स्थानिक लाभांशाचा त्यात फारसा हात नाही. एकटेच चलन घसरले असेल आणि त्या आठवड्यात दुसरी वाईट बातमी नसेल, तर हंगामाचा संशय घ्यायला जागा आहे. जिथे मध्यवर्ती बँक भाव बांधून ठेवते, तिथे हा ताण भावात दिसतच नाही. तो डॉलर मिळायला लागणाऱ्या विलंबात दिसतो.

आता तुमच्या खरेदीकडे येऊ. तुम्हाला दोन महिन्यांनी 50,000 डॉलर भरायचे आहेत, डॉलर आज 40ला आहे आणि हंगामात तो 40.20 होईल अशी भीती आहे. भीती खरी ठरली तर 10,000 जास्त जातील. पण आज डॉलर घेण्यासाठी 20 लाख गुंतवावे लागतील. स्थानिक व्याजदर 10 टक्के आणि डॉलरवरचा 4 टक्के असेल, तर वर्षाला 6 टक्क्यांचा फरक पडतो. दोन महिन्यांचा तो 1 टक्का, म्हणजे सुमारे 20,000. अर्ध्या टक्क्याचा धक्का चुकवायला तुम्ही एक टक्का मोजलात. फॉरवर्ड करारातही हेच घडते, कारण व्याजाचा फरक त्याच्या भावात आधीच धरलेला असतो: दोन महिन्यांचा दर साधारण 40.40 निघेल. दोन्ही व्याजदर जवळजवळ असतील, तर मात्र आधी खरेदी करणे परवडते.

निव्वळ हंगामाच्या भीतीने आम्ही कोणालाही दोन महिने आधी डॉलर घ्यायला सांगत नाही. ज्यांचे बिल हंगामाच्या ऐन मध्यात येते त्यांना आम्ही रक्कम तीन-चार हप्त्यांत घ्यायला सुचवतो, आणि पुरवठादार तयार असेल तर देण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढे मागून घ्यायला. ज्यांचा नफाच 2-3 टक्क्यांचा आहे, त्यांनी फॉरवर्डचा खर्च सोसलेला बरा. पण तो मोठ्या उलथापालथीपासून बचाव म्हणून.

सल्ल्यासाठी येताना बिलाची रक्कम, देण्याची तारीख, ती किती दिवस पुढेमागे होऊ शकते आणि तुम्ही कोणत्या दराने कर्ज घेता, एवढे सोबत आणा. बँकेने दिलेला फॉरवर्डचा दर असेल तर तोही आणा. त्यात व्याजाचा फरक किती आणि बँकेचा स्वतःचा नफा किती, हे आम्ही तुमच्यासमोरच मोजून दाखवू.