गुळाच्या ढेपेवरचे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’

गुळाच्या हंगामात कोल्हापुरात ढेपांवर आणि डब्यांवर दोन वाक्यं हमखास दिसतात: ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. पहिलं वाक्य खरं असूनही त्या गुळात गंधक असू शकतं. हे कसं शक्य होतं, ते कळायला ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या शब्दाचा कायद्यातला इतिहास पाहावा लागतो.

ब्रिटनमध्ये 1925 च्या नियमांनी अन्न टिकवण्यासाठी बोरिक ॲसिड वापरायला बंदी घातली. मीठ, साखर, व्हिनेगर आणि मसाले यांना मात्र प्रिझर्व्हेटिव्हच्या व्याख्येतूनच वगळलं. आपल्याकडे 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे 1955 चे नियम आले. त्यांनी या पदार्थांना वगळलं नाही, तर पहिल्या वर्गात बसवलं. मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल हे वर्ग एक. बेंझोइक ॲसिड, सल्फर डायऑक्साइड म्हणजे गंधकाचा वायू, सॉर्बिक ॲसिड, नायट्राइट हे वर्ग दोन. त्यांचा वापर ठरलेल्या पदार्थांत आणि ठरलेल्या मर्यादेतच करायचा. जॅमच्या बाटलीवर ‘क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह’ लिहिलेलं असतं, ते इथून आलं. या हिशेबाने आपल्या आईचं कैरीचं लोणचंही प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलंच, फक्त वर्ग एकचं.

आकडे नंतर आले. युरोपने 1964 मध्ये प्रिझर्व्हेटिव्हची यादी केली आणि त्यांना 200 च्या घरातले क्रमांक दिले. पुढे 1989 मध्ये कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरासाठी आयएनएस क्रमांक स्वीकारले. सल्फर डायऑक्साइड 220, सोडियम बेंझोएट 211. पण कोडेक्सच्या यादीत 220 पुढे एकच काम लिहिलेलं नाही. तो टिकवतो, हवेने होणारा बदल रोखतो आणि रंगही उडवतो. गुळाच्या बाबतीत सगळा घोळ या तिसऱ्या कामात आहे.

गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस आणि थोडा चुना घालतात, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. चुना जास्त पडला तर गूळ काळपट होतो. उसाचं वाण आणि जमीन यांचाही रंगावर परिणाम होतो. बाजारात मात्र पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली तेव्हापासून कोल्हापूरच्या व्यापारात गुळाचं मोठं स्थान आहे, त्यामुळे रंगाचा दबाव थेट गुळव्यावर येतो. म्हणून काही जण काहिलीत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. त्याने रंग तात्पुरता उजळतो आणि थोडे दिवस हवा लागली की पुन्हा गडद होऊ लागतो. मागे उरतो तो सल्फर डायऑक्साइडचा अंश. इथे पावडर टिकवण्यासाठी नव्हे, रंगासाठी घातलेली असते. म्हणूनच ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं म्हणायला फट सापडते. मला ही फसवणूकच वाटते, कारण वाचणारा त्या शब्दाचा अर्थ ‘काही घातलेलं नाही’ असा घेतो.

कायद्याने गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 70 पीपीएम ठेवली आहे, म्हणजे किलोला 70 मिलिग्रॅम. समजा एका ढेपेत 50 पीपीएम निघाला. ती मर्यादेत बसली. पण 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट, म्हणजे गंधकाचा हाच अंश, असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत त्याचा उल्लेख हवा, कारण काही दमेकऱ्यांना त्याने त्रास होतो. अशा गुळाचे 30 ग्रॅम खाल्ले तर पोटात दीड मिलिग्रॅम जातो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 0.7 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 42. निरोगी माणसाने घाबरू नये. दमेकऱ्याला मात्र आपण काय खातो हे कळायलाच हवं.

‘नैसर्गिक’ची व्याख्या 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत आहे: एकच पदार्थ, त्यात वरून काही घातलेलं नको, आणि प्रक्रिया खाण्यायोग्य करण्यापुरतीच. हायड्रॉस पडलेला गूळ यात बसत नाही. सुंठ, वेलदोडा घातलेला गूळ तर मिश्र पदार्थ झाला. त्यावर फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेला’ इतकंच म्हणता येतं. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही उगम सांगतं, गंधक आहे की नाही ते सांगत नाही.

नुसत्या रंगावरून खात्री होत नाही, कारण चांगल्या वाणाचा गूळही उजळ असतो. प्रयोगशाळेत नमुना आम्लात उकळून निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडतात. त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि तेच मोजतात. दुकानात उभं राहून आपण एवढंच करू शकतो: पुढची मोठी अक्षरं सोडून पाकिटामागची यादी वाचायची, 220 ते 228 पैकी आकडा किंवा ‘सल्फाइट’ शब्द शोधायचा, आणि सुट्या ढेपेवर काहीच छापलेलं नसेल तर विकणाऱ्याला विचारायचं, ‘मामा, काहिलीत पावडर टाकलीय का?’