एकवीस दिवसांचं इंजेक्शन
आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला सातव्या महिन्यात धाप लागू लागली. आडवं झालं की जास्त, उठून बसलं की जरा बरं. घरचे म्हणाले, पोट वर आलंय, धाप लागणारच. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच इको करायला पाठवलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, मिट्रल व्हॉल्व्ह, एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. तिची जेमतेम एक उघडत होती.

मुलगी २४ वर्षांची. खोदून विचारल्यावर कळलं, अकराव्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता. तो उतरला तर घोटा, मग मनगट. ताप होता. तेव्हा दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. दोन वर्षं घेतलं, पाय दुखायचे थांबले, इंजेक्शनही थांबलं. "बरी झालीये की, उगाच कशाला टोचायचं?"

हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. त्याचं उत्तर घशात आहे.

घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणूंची असतात. काही वेळा मात्र तिथे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस नावाचा जिवाणू असतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, ते एम-प्रथिनाचे. या प्रथिनाची रचना एकमेकींना पीळ घातलेल्या दोन दोरांसारखी. आपल्या हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिनही असंच पिळाचं. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि काही मुलांमध्ये ती प्रतिपिंडं या साम्याला फसतात. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात, जिवाणू गेलेला असतो, आणि तेव्हा हल्ला स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर होतो. हाच संधिवाताचा ताप.

इथे एक कोडं आहे. मायोसिन असतं स्नायूत. मग स्नायू सावरतो आणि झडप कायमची का बिघडते? झडपेत मायोसिन जवळपास नसतंच. पण तिच्या पृष्ठभागाखाली लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं, तेही पिळाचंच. प्रतिपिंडं झडपेच्या अस्तराला चिकटली की ते अस्तर खरबरीत, चिकट होतं आणि रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे अडकून आत शिरतात. निरोगी झडपेत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. सूज आली की त्या नव्याने फुटतात, आणि पुढच्या वेळच्या पेशींना आयती वाट मिळते. जखम भरताना व्रण होतो, व्रण आकसतो, झडपेच्या दोन पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटतात. मधलं तोंड माशाच्या तोंडासारखं अरुंद फटीचं होतं. प्रत्येक नव्या तापागणिक व्रणावर व्रण. म्हणून अकराव्या वर्षीचा आजार चोविसाव्या वर्षी दिसतो.

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास निम्म्याने वाढतं आणि नाडीही जलद होते. नाडी जलद झाली की दोन ठोक्यांमधला, झडपेतून रक्त खाली उतरण्याचा वेळ कमी होतो. रक्त जास्त, वेळ कमी, दार लहान. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसात दाब वाढवतं. तिची धाप ही होती.

आता इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दुधाळ द्रव स्नायूत साठून राहतो आणि थोडं थोडं पेनिसिलिन रक्तात सोडतो. सुई जाड लागते, दुखतं, हे खरं. साधारण तीन आठवड्यांनी रक्तातलं प्रमाण इतकं उतरतं की भरवसा राहत नाही. एकविसाव्या दिवसाची तारीख त्यामुळे आहे. "घसा दुखला की गोळी घेऊ" हे चालत नाही, कारण अशा तापाच्या कितीतरी मुलांना आधी घसा दुखल्याचं आठवतच नाही. व्रण झालेली झडप पेनिसिलिन दुरुस्त करत नाही. ते पुढचा व्रण अडवतं, आणि झडप नीट न मिटल्याने होणारी रक्ताची गळती सौम्य असेल तर तिला सावरायला वेळ मिळतो. झडपेला इजा असेल तर शेवटच्या तापापासून किमान १० वर्षं किंवा वयाच्या २५व्या वर्षापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत इंजेक्शन घ्यायचं. इजा मोठी असेल तर त्याहूनही पुढे. तिने तेराव्या वर्षी सोडलं.

पेनिसिलिन "उष्ण पडतं" म्हणून सोडणारेही भेटतात. औषधाला असा काही गुण नसतो. ॲलर्जी मात्र खरी असते, क्वचितच गंभीर होते, म्हणून इंजेक्शन दवाखान्यात घ्यावं आणि थोडा वेळ तिथेच बसावं. याच तापात काही मुलांचे हातपाय, चेहरा आपोआप हलू लागतात, हातातली वाटी पडते. त्यांना देवर्षीकडे नेतात. ते मेंदूवर झालेलं याच प्रतिपिंडांचं काम असतं. उलट दुसरी चूक डॉक्टरांच्या बाजूने होते: फक्त एएसओची रक्ततपासणी जास्त आली म्हणून वर्षानुवर्षं इंजेक्शन. त्या तपासणीतून स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला एवढंच कळतं.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. इतक्या वर्षांत कितीतरी जिवाणूंवर ते चालेनासं झालं, पण या एका जिवाणूवर ते आजही चालतं.

मावशींच्या मुलीच्या जांघेतल्या शिरेतून नळी घालून फुग्याने चिकटलेल्या पाकळ्या सोडवल्या. तोंड पावणेदोन चौरस सेंटिमीटरपर्यंत उघडलं. बाळंतपण नीट झालं. आता दर एकविसाव्या दिवशी मावशी स्वतः बाळाला सांभाळतात आणि तिला दवाखान्यात पाठवतात. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या उशिरा होतात.